जन्मतारखांच्या यादीतून महिन्यागणिक वाढदिवस कसे मोजायचे

ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये दर महिन्याला त्या महिन्यात जन्मलेल्यांचे वाढदिवस एकत्र साजरे करायची पद्धत आहे. गुलाबाची फुलं किती आणायची, नाश्त्याच्या किती प्लेट सांगायच्या, कुठल्या महिन्यात हॉल मोठा लागेल, हे सगळं एका साध्या आकड्यावर ठरतं: या महिन्यात वाढदिवस किती? सभासदांची यादी एक्सेलमध्ये असते, जन्मतारखेचा रकाना असतो, आणि मोजायचं काम चिटणिसांच्या गळ्यात पडतं.

पहिला प्रयत्न बहुतेक जण असाच करतात:

```
=COUNTIF(MONTH(C2:C213),6)
```

वाचायला बरोबर वाटतं, पण एक्सेल हा फॉर्म्युला स्वीकारतच नाही. `COUNTIF` ला शीटवरचा खराखुरा रकाना लागतो, आणि `MONTH` त्याला तयार आकड्यांची माळ देतो. हा अडथळा एका जादा रकान्याने सुटतो, ते पुढे येईलच. खरी मेहनत मात्र त्याच्या आधीची आहे, कारण तारखांच्या रकान्यात जे दिसतं ते सगळं तारीख नसतं.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. समजा, संघाचे २१२ सभासद आहेत. A रकान्यात क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये जन्मतारीख आणि D मध्ये शेरा आहे. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून नावं दुसऱ्या ओळीपासून २१३ व्या ओळीपर्यंत. यादी तीन-चार जणांनी वेगवेगळ्या काळात भरलेली आहे, जशी ती नेहमी असते.

तारीख म्हणजे आतून एक आकडा

रिकाम्या सेलमध्ये 15/08/1947 टाइप करा. मग `Ctrl+1` दाबून `General` निवडा. सेलमध्ये 17394 दिसेल. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत जातं, आणि तारीख म्हणून आपल्याला दिसतो तो या आकड्यावर चढवलेला पोशाख. `MONTH` हा आकडा घेऊन महिना सांगतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जे आकड्यात बदललेलं नाही तो एक्सेलच्या लेखी नुसता मजकूर, मग डोळ्यांना तो कितीही तारखेसारखा दिसो. दोन, कुठलाही आकडा एक्सेलला तारीख म्हणून चालतो, मग टाइप करणाऱ्याच्या मनात तारीख असो वा नसो. पहिल्या प्रकारची चूक निदान दिसते. दुसरी गुपचूप तुमच्या बेरजेत जाऊन बसते.

मोजण्याआधी रकाना तपासा

बाजूच्या कुठल्याही रिकाम्या जागी हे दोन फॉर्म्युले लिहा:

```
=COUNTA(C2:C213)
=COUNT(C2:C213)
```

`COUNTA` भरलेले सगळे सेल मोजतो, `COUNT` फक्त आकडे, म्हणजे खऱ्या तारखा. आपल्या उदाहरणात पहिल्याचं उत्तर २०५ आलं. २१२ मधून ते वजा केलं की कळतं, ७ सभासदांची तारीखच भरलेली नाही. दुसऱ्याचं उत्तर आलं १९४. म्हणजे ११ नोंदी अशा आहेत की तिथे काहीतरी लिहिलंय, पण ती तारीख नाही.

या ११ शोधायला C वर फिल्टर लावा आणि बाण दाबा. खऱ्या तारखा वर्षांच्या गटात गोळा होऊन दिसतात, प्रत्येक वर्षाच्या डावीकडे अधिकचं चिन्ह असतं. मजकूर या गटांत शिरू शकत नाही, तो यादीच्या तळाशी सुटा पडलेला असतो. फिल्टर न लावताही ओळखता येतं: कोणी मुद्दाम डावी-उजवी बाजू ठरवून दिलेली नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. रकाना थोडा रुंद करून पाहिला की वाट चुकलेल्या नोंदी लगेच नजरेत भरतात.

आपल्या यादीत काय सापडलं ते पाहू. पाच तारखा 12.05.1946 अशा, मध्ये ठिपके देऊन लिहिलेल्या होत्या. हाताने फॉर्म भरायची सवय असलेली पिढी तारीख अशीच लिहिते. C रकाना निवडून `Ctrl+H` दाबा, ठिपक्याच्या जागी तिरकी रेघ द्या आणि `Replace All` करा. एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचतं आणि तारीख उजवीकडे सरकते. तीन तारखा मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत टाइप केलेल्या होत्या. माणसाला त्या बिनचूक वाचता येतात, एक्सेलला येत नाहीत. तीनच असल्या तर पुन्हा टाइप करणं बरं. दोन ठिकाणी सरळ «माहीत नाही» लिहिलं होतं. ते शब्द D मधल्या शेऱ्यात हलवून C रिकामा केला.

अकरावी नोंद मजेदार होती: 29/02/1947. आकार अगदी तारखेचा, वेलांटी कुठे चुकलेली नाही, आणि तरी मजकूर. कारण १९४७ हे लीप वर्ष नव्हतं, त्या वर्षी २९ फेब्रुवारी उजाडलीच नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरशी भांडण्यात अर्थ नसतो. मूळ प्रवेशअर्ज काढला तर तिथे 25 लिहिलेलं आढळलं, टाइप करणाऱ्याला त्यातला पाच नऊसारखा वाटला होता.

आता दुसरा, गुपचूप बसणारा प्रकार. हे दोन फॉर्म्युले लिहा आणि उत्तराच्या सेलना तारखेचा पोशाख द्या:

```
=MIN(C2:C213)
=MAX(C2:C213)
```

`MIN` चं उत्तर आलं 29/04/1905. म्हणजे संघात एकशे वीस वर्षांचे सभासद आहेत! झालंय असं की तिघांना फक्त जन्मवर्ष ठाऊक होतं, म्हणून कोणीतरी तारखेच्या जागी नुसतं 1946, 1949 आणि 1951 टाइप केलं. एक्सेलने तो दिवसांचा आकडा मानला. १९०० पासूनचा १९४६ वा दिवस म्हणजे २९ एप्रिल १९०५, १९४९ वा म्हणजे २ मे १९०५. हिशेब थोडा पुढे नेला तर गंमत दिसते: 1918 ते 1947 मधलं कुठलंही वर्ष नुसतं टाइप केलं तर तो माणूस एप्रिलमध्ये मोजला जातो, आणि 1948 ते 1978 मधलं केलं तर मेमध्ये. ज्येष्ठांच्या यादीत हीच वर्षं असतात. एप्रिल किंवा मे उगाच फुगलेला दिसला तर आधी इथे पाहा. `COUNT` ने ही चूक पकडता येत नाही, कारण 1949 हा आकडाच आहे.

ही तीन वर्षंही शेऱ्यात हलवून C रिकामा करा. यादी चढत्या क्रमाने लावली तर असे सगळे सेल वर गोळा होतात आणि एकदम सापडतात.

`MAX` कडेही एक नजर टाका. कोणी 12/4/45 असं दोन आकडी वर्ष लिहिलं असेल तर एक्सेल १९ लावायचं की २० हे स्वतः ठरवतं, आणि काही संगणकांवर ती व्यक्ती २०४५ मध्ये जन्माला येते. महिना मोजायला त्याने फरक पडत नाही. पण याच यादीवरून पुढे अमृतमहोत्सवी सत्काराची नावं काढणार असाल तर आत्ताच दुरुस्त करा.

सफाईनंतर हिशेब असा: १९४ मधून नुसती वर्षं असलेले ३ वजा, त्यात दुरुस्त झालेले ५, ३ आणि १ मिळवले. झाल्या २०० खऱ्या तारखा. रिकामे राहिले ७, २ आणि ३ मिळून १२. दोन्हींची बेरीज २१२. हा २०० चा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढची सगळी पडताळणी याच्यावर आहे.

दिवस आणि महिन्याची अदलाबदल

हा दोष सगळ्यात वाईट, कारण यात तारीख खरी असते, उजवीकडे चिकटलेली असते, वर्षही बरोबर असतं, आणि महिना साफ चुकीचा असतो. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. संगणकाची भाषा-प्रदेशाची मांडणी अमेरिकी असेल आणि तुम्ही गूगल फॉर्मवरून उतरवलेली सी.एस.व्ही. फाइल त्यावर थेट उघडली, तर ५ ऑगस्टला जन्मलेला माणूस 05/08/1946 या नोंदीमुळे ८ मे रोजी जन्मलेला ठरतो. 13/05/1946 मात्र तशीच राहते, कारण तेरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून डावीकडे जाते.

ओळखायची खूण म्हणूनच पक्की आहे. डावीकडे गेलेल्या नोंदी पाहा. त्या सगळ्यांचा पहिला आकडा १३ किंवा त्याहून मोठा असेल, आणि मजकुराचं प्रमाण निम्म्याहून जास्त असेल, तर अदलाबदल झालेलीच आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवस १ ते १२ तारखांचे, उरलेले २२१ त्यापुढचे. म्हणून अशा फाइलमध्ये साधारण साठ टक्के नोंदी मजकूर झालेल्या सापडतात. बहुतेक जण इथे घसरतात ते असे: डावीकडच्या नोंदी चुकल्यात असं समजून तेवढ्याच दुरुस्त करतात. त्या मुळात निर्दोष असतात. बिघडलेल्या असतात त्या उजवीकडच्या.

आपला संगणक काय समजतो ते पाहायला रिकाम्या सेलमध्ये 13/5/1946 टाइप करा. उजवीकडे गेली तर दिवस आधी, डावीकडे राहिली तर महिना आधी. विंडोजमध्ये प्रदेशाची मांडणी `English (India)` केली की पुढच्या नोंदी नीट होतात, पण आधी बिघडलेल्या तारखा त्याने परत येत नाहीत.

मूळ गूगल शीट हाताशी असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तिथे `File > Settings` मध्ये `Locale` हे `India` आहे का पाहणं आणि फाइल सी.एस.व्ही. ऐवजी `.xlsx` स्वरूपात उतरवणं. त्या स्वरूपात तारीख मजकूर म्हणून नाही तर आकडा म्हणून प्रवास करते, त्यामुळे उलटसुलट व्हायला जागाच उरत नाही. मूळ शीट नसेल आणि बिघडलेली फाइलच हाती असेल, तर बाजूच्या रिकाम्या रकान्यात हा फॉर्म्युला लिहून खालपर्यंत ओढा:

```
=IF(C2="","",IF(ISNUMBER(C2),DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2)),DATE(RIGHT(C2,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2))))
```

खरी तारीख दिसली तर तो दिवस आणि महिना परत जागच्या जागी नेतो, मजकूर दिसला तर त्यातून दिवस, महिना, वर्ष वेगळं काढतो. दोन अटी सांभाळा. मजकूर 13/05/1946 असा, महिन्याला दोन आकडे असलेला हवा. आणि सगळी फाइल एकाच झटक्यात बिघडलेली हवी. अर्ध्या तारखा हाताने नीट भरलेल्या आणि अर्ध्या बिघडलेल्या अशी खिचडी झाली असेल तर कुठलाही फॉर्म्युला त्या वेगळ्या करू शकत नाही, मूळ अर्जच काढावे लागतात. उत्तरं नीट आली की रकाना कॉपी करून `Paste Special > Values` ने C वर चिकटवा.

आपल्या उदाहरणातल्या यादीत ही भानगड नव्हती, पण तपासून पाहिलं:

```
=SUMPRODUCT((DAY(C2:C213)>12)*(C2:C213<>""))
```

२०० पैकी साधारण १२० च्या आसपास उत्तर आलं तर निर्धास्त राहा. थोडं कमी आलं तरी घाबरू नका, त्याचं एक देशी कारण शेवटी येतं. शून्य आलं तर मात्र थांबा.

आता मोजणी

E रकान्याला «महिना» नाव द्या आणि E2 मध्ये लिहा:

```
=IF(C2="","",MONTH(C2))
```

खालपर्यंत ओढा. मग बाजूला छोटा तक्ता करा: H2 ते H13 मध्ये १ ते १२ आकडे, I मध्ये महिन्यांची नावं, आणि J2 मध्ये

```
=COUNTIF($E$2:$E$213,H2)
```

हाही J13 पर्यंत ओढा. डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसली तर फॉर्म्युला खाली ओढताना मोजायची हद्दही एकेक ओळ खाली घसरते, आणि डिसेंबर मोजेपर्यंत वरचे अकरा सभासद हद्दीबाहेर गेलेले असतात. J14 मध्ये `=SUM(J2:J13)` लिहा. इथे २०० यायलाच हवेत.

E2 मधला `IF` उगाच घातलेला नाही. तो काढून नुसतं `=MONTH(C2)` लिहिलं तर रिकाम्या सेलला एक्सेल शून्य मानतं, आणि शून्याव्या दिवसाचा महिना जानेवारी सांगतं. आपले १२ रिकामे सेल मग जानेवारीत जाऊन बसतील. खरे वाढदिवस १९ असताना तक्ता ३१ दाखवील, आणि कार्यक्रमाला १२ फुलं उरतील. गूगल शीट्समध्ये हीच चूक डिसेंबरमध्ये दिसते, कारण तिथे शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. एकच फाइल दोन्हीकडे उघडली आणि जानेवारी-डिसेंबरचे आकडे जुळेनात, तर दुसरीकडे शोधत बसू नका. बेरीज २०० ऐवजी २१२ आली की हाच दोष.

जादा रकाना नको असेल तर एका फॉर्म्युल्यातही काम होतं:

```
=SUMPRODUCT((MONTH($C$2:$C$213)=H2)*($C$2:$C$213<>""))
```

`SUMPRODUCT` प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारतो: महिना जुळतो का, आणि सेल भरलेला आहे का. दोन्हींची उत्तरं होकारार्थी आली तरच तो एक मोजतो. हा फॉर्म्युला एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हीकडे चालतो. रकान्यात एक जरी «माहीत नाही» उरलं असेल तर सगळं उत्तर `#VALUE!` होतं. ते मला गुणच वाटतो, निदान काहीतरी शिल्लक राहिलंय हे कळतं.

तरीही मी जादा रकान्याच्या बाजूचा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी विचारणारच, «मोजलेत ते ठीक, पण नावं कुठली?» तेव्हा E वर फिल्टर लावून महिन्याचा आकडा निवडला की नावं समोर येतात. `SUMPRODUCT` नावं सांगत नाही.

E मध्ये महिन्याचं नाव आणायचा मोह होतो, `=TEXT(C2,"mmmm")` वगैरे. टाळा. नाव आलं की क्रम लावताना इंग्रजी वर्णमालेप्रमाणे एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, आणि वर रिकामा सेल पुन्हा जानेवारी होतो. आकड्यात महिना ठेवा, नावं तक्त्यात लिहा.

पिव्हट टेबलची सवय असेल तर `Insert > PivotTable` मधून जन्मतारीख ओळींच्या भागात आणि नाव मोजणीच्या भागात टाका. नव्या एक्सेलमध्ये तारखा आपोआप वर्ष, तिमाही, महिना अशा गटांत पडतात. ओळीवर उजवं बटण दाबून `Group` मध्ये फक्त `Months` ठेवा. `Years` राहिलं तर जून १९४६ आणि जून १९४८ वेगवेगळे मोजले जातील. «गट करता येत नाही» अशा अर्थाचा संदेश आला तर रकान्यात अजून मजकूर शिल्लक आहे असं समजा. आणि पिव्हट स्वतःहून ताजं होत नाही, नवा सभासद भरला की `Refresh` करावं लागतं.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांना `QUERY` आवडतो:

```
=QUERY(C2:C213,"select month(C)+1, count(C) where C is not null group by month(C)+1")
```

इथे `+1` हवाच, कारण `QUERY` मध्ये जानेवारी शून्यावर असतो. पण त्याच्या दोन खोडी आहेत. ज्या महिन्यात एकही वाढदिवस नाही तो महिना उत्तरात येतच नाही. दुसरी खोडी जास्त त्रासाची: एका रकान्यात तारखा आणि मजकूर मिसळलेले असतील तर जे संख्येने कमी ते तो रिकामं मानतो आणि चुकीचा इशाराही देत नाही. सफाई न केलेल्या यादीवर `QUERY` चालवला तर ठिपके असलेले ते पाच सभासद चुपचाप गळतात.

जून इतका मोठा का?

आपल्या यादीचं उत्तर असं आलं:

| महिना | वाढदिवस |
|---|---|
| जानेवारी | १९ |
| फेब्रुवारी | १२ |
| मार्च | १५ |
| एप्रिल | १४ |
| मे | १७ |
| जून | ४७ |
| जुलै | १४ |
| ऑगस्ट | १३ |
| सप्टेंबर | १२ |
| ऑक्टोबर | १३ |
| नोव्हेंबर | १२ |
| डिसेंबर | १२ |

बेरीज २००, म्हणजे मोजणी बरोबर आहे. सरासरी महिन्याला सतराच्या आत-बाहेर, आणि जून एकटाच ४७. महाराष्ट्रात ज्येष्ठांची यादी करणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. जन्माचा दाखला नसलेलं मूल शाळेत आणलं की मास्तर वयाचा अंदाज बांधून रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि पुढे सगळ्या कागदांवर गेली. सरकारी नोकरी महिनाअखेरीस संपते, पण ज्याचा जन्म एक तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून एक जूनवाले ३१ मे रोजी घरी जातात, आणि त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोपसमारंभांची रांग लागते. वर दिवसांची तपासणी करताना साठ टक्क्यांपेक्षा थोडं कमी येऊ शकतं म्हटलं ते याच एक तारखांमुळे.

किती जण आहेत ते मोजता येतं:

```
=SUMPRODUCT((MONTH(C2:C213)=6)*(DAY(C2:C213)=1)*(C2:C213<>""))
```

उत्तर ३४. म्हणजे जूनचे बाकीचे १३, अगदी इतर महिन्यांसारखे. हाच फॉर्म्युला महिना १ करून चालवला तर १ जानेवारीचे ६ निघाले. फक्त वर्ष माहीत असलं की १ जानेवारी टाकून फॉर्म पुढे ढकलायची सवय जिथे-तिथे असते.

कार्यक्रमाच्या दृष्टीने ४७ हा आकडा बरोबर असूनही उपयोगाचा नाही. मी अशा वेळी C ला हात लावत नाही, कारण संघाच्या दप्तरात आणि ओळखपत्रावर कागदोपत्री तारीखच हवी. त्याऐवजी F हा नवा रकाना करा, «सांगितलेला महिना». एक जूनवाल्यांना, एक जानेवारीवाल्यांना आणि तारीख रिकामी असलेल्या बारा जणांना फोन करून विचारा, वाढदिवस कुठल्या महिन्यात करूया? तारीख विचारू नका, महिना विचारा. तारीख विचारली की बहुतेक जण परत १ जूनच सांगतात. महिना विचारला की आठवणी निघतात: आई म्हणायची नागपंचमीचा जन्म, किंवा दिवाळीच्या आधी, किंवा आंबे उतरत होते तेव्हा. जन्मवर्ष खात्रीचं असेल आणि तिथी माहीत असेल तर त्या वर्षाच्या पंचांगातून नेमकी तारीख काढता येते. नसेल तर अंदाजे महिना पुरतो. नागपंचमी कधी जुलैअखेर, कधी ऑगस्टमध्ये येते, त्यामुळे अशा वेळी दोन्हींतला कोणता ते त्यांनाच निवडू द्या. F मध्ये महिन्याचा नुसता आकडा भरा, आणि E2 मधला फॉर्म्युला बदलून खाली ओढा:

```
=IF(F2<>"",F2,IF(C2="","",MONTH(C2)))
```

F भरलेला असेल तर तो, नसेल तर तारखेचा महिना, दोन्ही नसेल तर काही नाही. बाजूचा तक्ता जसाच्या तसा राहतो आणि आकडे आपोआप बदलतात.

उदाहरणातल्या ३४ जणांपैकी १९ जणांनी वेगळा महिना सांगितला, दोघे खरोखरच जूनचे निघाले, आणि तेरा जण म्हणाले की इतकी वर्षं एक जूनलाच केला, आता कशाला बदलायचा. जून ४७ वरून २८ वर आला. रिकाम्या बारांपैकी चौघांनी महिना सांगितला, म्हणून बेरीज आता २०४ व्हायला हवी, आणि ती J14 शी ताडून पाहायला `=COUNT(E2:E213)` पुरतं. उरलेल्या आठ जणांना महिना ठाऊक नाही. त्यांच्यासाठी E वर फिल्टर लावून रिकामे सेल निवडा, नावं काढा आणि ज्या महिन्यात फुलं कमी लागतात, म्हणजे फेब्रुवारी किंवा नोव्हेंबर, त्यात त्यांच्या संमतीने F भरून टाका.